सोन्याचे मोठे साठे आता सापडत का नाहीत?

फेब्रुवारी २०२० मध्ये एक बातमी दोन दिवस देशभर फिरली. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात ३,३५० टन सोनं सापडलं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहे त्याच्या पाचपट! व्हॉट्सॲपवर भारत पुन्हा सोन्याची चिमणी झालाच होता. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. तिथे ५२,८०६ टन सोनंयुक्त दगड असल्याचा अंदाज आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं आहे. गुणाकार करून पाहा. सगळं मिळून १६० किलो. टन नव्हे, किलो. तेही जमिनीतून बाहेर काढून वेगळं करता आलं तर.

या फजितीत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. ‘सोनं सापडलं’ या दोन शब्दांना तसा काहीच अर्थ नसतो. दगड किती, त्यात टनामागे सोनं किती आणि हे आकडे किती बोअर मारून काढलेत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात वांगू इथे हजार टन सोनं सापडल्याची बातमी आली. तिच्यातही दोन आकडे एकत्र झाले होते. दोन हजार मीटर खोलीपर्यंत मोजलेलं सोनं सुमारे ३०० टन होतं. त्याखाली तीन हजार मीटरपर्यंतचं धरून हजार टनांच्या वर, हा भाकिताचा आकडा होता. मथळ्यात अर्थातच मोठा आकडा आला.

अशा मथळ्यांमुळे वाटतं की सोनं दर महिन्याला कुठे ना कुठे सापडतंच आहे. खाणधंद्यातली माणसं मात्र गेली पंधरा-वीस वर्षं उलटीच तक्रार करताहेत. एस अँड पी ग्लोबल ही संस्था १९९० पासूनच्या जगातल्या मोठ्या शोधांची मोजदाद ठेवते. तिच्या लेखी मोठा शोध म्हणजे किमान २० लाख औंस, साधारण ६२ टन सोनं. या पस्तीस वर्षांत असे सुमारे ३५० साठे नोंदले गेले, आणि त्यातला सिंहाचा वाटा १९९० च्या आणि २००० च्या दशकांचा. २०२० नंतरचे शोध जेमतेम अर्धा डझन भरतात. तेही आकाराने आधीच्यांपेक्षा लहान.

या आकड्याला एक पुस्ती जोडायलाच हवी. एखादा साठा सापडतो तेव्हा त्याचा पूर्ण आकार कोणालाच ठाऊक नसतो. आठ-दहा वर्षं बोअर मारत गेलं की तो वाढत जातो आणि कधीतरी २० लाख औंसांची रेघ ओलांडतो. तेव्हा त्याची नोंद होते, पण शोधाचं वर्ष मूळचंच धरतात. त्यामुळे अगदी अलीकडची वर्षं नेहमीच रिकामी दिसतात आणि नंतर थोडी भरतात. हे सगळं जमेला धरलं तरी उतार खरा आहे. खर्च वाढवूनही तो थांबलेला नाही, हे त्यातलं जास्त बोचणारं.

असं का व्हावं?

पृथ्वीच्या कवचात सोनं सगळीकडे आहे, पण सरासरी टनामागे ०.००४ ग्रॅम. खाण चालवायची तर आज उघड्या खाणीत टनामागे साधारण एक ग्रॅम तरी लागतं. म्हणजे निसर्गाने आधी अडीचशे पट गोळाबेरीज करून ठेवलेली असली पाहिजे. हे काम बहुतेक वेळा खोलवरच्या गरम पाण्याने केलेलं असतं. पाण्यात विरघळलेलं सोनं भेगांमधून वर येतं, दाब किंवा तापमान एकदम बदललं की त्याच भेगेत बसतं, आणि ही भेग पुन्हा पुन्हा उघडत राहिली तर शिरेत भर पडत जाते. या सगळ्या गोष्टी एकाच जागी, पुरेसा काळ जुळून याव्या लागतात. वर तो दगड नंतरच्या काळात झिजून वाहून गेलेला नसावा आणि फार खोल गाडलाही गेलेला नसावा.

असे साठे मुळातच कमी. त्यातले जे जमिनीवर उघडे पडले होते ते आधी सापडणार हे उघड आहे. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये ओढ्याच्या पाण्यात, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियामध्ये १८५१ साली, दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला १८८६ मध्ये शेतातल्या उघड्या खडकात. त्या काळच्या शोधकाकडे पाटी, घमेलं, हातोडा आणि भरपूर चिकाटी असायची. डोळ्यांना दिसणारं किंवा पाटीत धुऊन तळाशी राहणारं सोनं त्याला सापडायचं. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत अशा माणसांनी जगातला बराचसा भाग पायाखाली घातला.

दुसरी लाट आली ती न दिसणाऱ्या सोन्याची. अमेरिकेत नेवाडामधल्या कार्लिनजवळ सोनं शोधणारे अनेक दशकं त्याच टेकड्यांवरून ये-जा करत होते. त्यांच्या पाटीत काही येत नव्हतं, कारण तिथलं सोनं साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू नये इतकं बारीक होतं. १९६१ मध्ये न्यूमाँट कंपनीच्या जॉन लिव्हरमोर या भूवैज्ञानिकाने तिथल्या दगडाची रासायनिक तपासणी करून घेतली, तेव्हा कुठे ते हाती लागलं. १९६५ मध्ये खाण सुरू झाली. पुढे त्याच पट्ट्यात एकामागून एक खाणी निघाल्या.

१९७१ मध्ये अमेरिकेने औंसाला ३५ डॉलरचा बांधलेला भाव सोडून दिला आणि जानेवारी १९८० पर्यंत सोनं ८५० डॉलरला जाऊन पोचलं. त्याच सुमारास हलक्या प्रतीच्या दगडाचा ढीग रचून त्यावर सायनाइडचं पातळ द्रावण ठिबकत ठेवायचं आणि खाली झिरपलेल्या पाण्यातून सोनं काढायचं, ही स्वस्त पद्धत रुळली. पूर्वी ज्याला कोणी हात लावला नसता असा दगड एकाएकी खनिज ठरला. १९८० आणि ९० च्या दशकांत नेवाडा, ऑस्ट्रेलिया, पेरू, इंडोनेशिया, पश्चिम आफ्रिका इथे जे शोध लागले त्यामागे नवं रसायन, नवा भाव आणि परदेशी कंपन्यांना नव्याने उघडलेले देश, हे तिन्ही एकदम होते. नव्वदच्या दशकातला आकडा इतका घसघशीत दिसतो तो म्हणूनच. तो नेहमीचा वेग नव्हता. तुंबलेलं पाणी एकदम सुटलं होतं.

आता उरलेत ते झाकलेले साठे. वर दोनशे-चारशे मीटर माती, वाळू किंवा नंतरच्या काळातला खडक, आणि खाली कदाचित काहीतरी. ते शोधणं म्हणजे नेमकं काय, हे एका खाणीच्या गोष्टीतून नीट कळतं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत हिच्याइतकी शिकवणारी दुसरी खाण नाही.

इक्वाडोरच्या आग्नेय भागात, पेरूच्या सीमेलगत कोर्डिलेरा देल कोंडोर ही जंगलाने गच्च भरलेली डोंगररांग आहे. स्पॅनिश वसाहतीच्या जुन्या कागदपत्रांत या बाजूला सोन्याच्या खाणी असल्याचे उल्लेख होते. त्यांचा माग काढत कीथ बॅरन या कॅनडाच्या भूवैज्ञानिकाने ऑरेलियन नावाची छोटी कंपनी काढून इथे जमीन घेतली. जिथे खुणा दिसत होत्या तिथे त्यांनी बोअर मारले. मिळालं ते बरं होतं, पण पुरेसं नव्हतं. पैसा संपत चालला होता. उत्तरेकडच्या एका पट्ट्यात वर जाडजूड गोटेखडकाचा थर होता, म्हणजे नदीने आणलेले गोटे घट्ट होऊन बनलेला. सोनं त्याच्यापेक्षा जुन्या खडकात असायचं, म्हणून असा थर दिसला की बहुतेक जण तिथून पुढे जातात. इथे मात्र त्या थरावरच्या नमुन्यांत आर्सेनिक आणि अँटिमनी जरा जास्त येत होतं. सोनं घेऊन येणारं गरम पाणी ही दोन मूलद्रव्यंही सोबत आणतं आणि ती त्याच्यापेक्षा वरपर्यंत चढतात. २००६ मध्ये त्या गोटेखडकातून आरपार बोअर मारला. सुमारे दोनशे मीटर खाली सोन्याच्या शिरांचं जाळं लागलं. डोंगरावर उभं राहून कोणाला शंकाही आली नसती.

या जागेचं नाव फ्रुता देल नोर्ते. २००७ मध्ये पहिला अंदाज जाहीर झाला. ५.९ कोटी टन दगड, टनामागे ७.२३ ग्रॅम, एकूण १ कोटी ३७ लाख औंस. आपल्या मापात सुमारे ४२५ टन सोनं. इतकी वरची प्रत आणि इतका आकार एकत्र क्वचितच मिळतो.

आणि मग काय झालं? एप्रिल २००८ मध्ये इक्वाडोरच्या संविधानसभेने खाणकामाचे बहुतेक परवाने थांबवले. त्याच वर्षी किनरॉस या बड्या कॅनेडियन कंपनीने ऑरेलियनला १२० कोटी कॅनेडियन डॉलरना विकत घेतलं. ठरलेल्या भावाच्या वर सोनं गेलं तर त्या वरकमाईवर ७० टक्के कर लागणार होता. त्यावरून सरकारशी वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या, जमल्या नाहीत, आणि २०१३ मध्ये किनरॉसने हात टेकले. पुढच्या वर्षी लुंडिन कुटुंबाच्या खाण कंपनीने तीच खाण २४ कोटी अमेरिकन डॉलरना घेतली. करार नव्याने झाला, रस्ते आणि बोगदे झाले, आणि पहिलं सोनं नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर पडलं. शोधापासून तेरा वर्षं. गंमत म्हणजे हे लवकर झालं असंच म्हणायला हवं. अलीकडच्या खाणींना शोधापासून उत्पादनापर्यंत सरासरी सोळा-सतरा वर्षं लागताहेत. त्यात बोअर मारायला चार-पाच वर्षं, मग पर्यावरणाचे अभ्यास, परवाने, स्थानिकांची संमती, भांडवल आणि शेवटची दोन-तीन वर्षं बांधकामाची.

फ्रुता देल नोर्तेतला अजून एक आकडा महत्त्वाचा आहे. शोधाच्या वेळी जाहीर झालं ४२५ टन. खाण बांधायला घेतली तेव्हा हिशेबात धरलं गेलं त्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे १५५ टन. सोनं कुठे पळून गेलं नव्हतं आणि कोणी फसवलंही नव्हतं. पहिला आकडा ‘रिसोर्स’चा होता, दुसरा ‘रिझर्व्ह’चा. मराठीत दोन्हीला आपण साठाच म्हणतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

रिसोर्स म्हणजे बोअरच्या नमुन्यांवरून जमिनीत आहे असं वाटणारं सोनं. तेही किती दाट बोअर मारलेत यावरून तीन पायऱ्यांचं असतं. रिझर्व्ह म्हणजे त्यातला असा भाग, ज्याच्यासाठी खाणीचा आराखडा झालाय, खर्च मांडलाय, परवान्याची वाट मोकळी आहे आणि ठरावीक भाव धरला तर नफा दिसतोय. म्हणजे रिझर्व्ह हा जेवढा भूगर्भशास्त्राचा आकडा आहे, तेवढाच हिशेबाच्या वहीचाही.

हे नियम इतके कडक असण्यामागे एक प्रकरण आहे. नव्वदच्या दशकात ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग इथे सात कोटी औंस सोनं असल्याचा दावा केला आणि शेअर आभाळाला भिडले. साधारणपणे बोअरमधून दगडाची जी लांब कांडी निघते ती उभी चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते आणि अर्धी पेटीत जपून ठेवतात, म्हणजे कोणालाही फेरतपासणी करता येते. ब्रे-एक्स पूर्ण कांडीच भुगा करून पाठवत होती. मागे काही उरतच नव्हतं. १९९७ मध्ये दुसऱ्या तज्ज्ञांनी शेजारी नवे बोअर मारले तेव्हा कळलं की भुग्यात बाहेरून सोन्याचे कण मिसळले होते. ते कण गोल, झिजलेले, नदीतल्या सोन्यासारखे होते. पक्क्या खडकातले कण असे दिसत नाहीत. २००१ मध्ये कॅनडात नवे नियम लागू झाले. अंदाजावर जबाबदार तज्ज्ञाची सही हवी आणि रिसोर्स कोणता, रिझर्व्ह कोणता हे स्पष्ट सांगायला हवं. सोनभद्रच्या बातमीला हे नियम लागू नव्हते, हे वेगळं.

आता भाव आणि रिझर्व्ह यांचं नातं एका हिशेबातून पाहू. समजा एका खाणीत एक टन दगड फोडून, दळून, प्रक्रिया करायला ४० डॉलर लागतात आणि त्यातल्या सोन्यापैकी ९० टक्के हाती येतं. भाव औंसाला १,२०० डॉलर धरला तर ग्रॅमला साधारण ३८.६ डॉलर पडतात. ९० टक्क्यांच्या हिशेबाने दगडातल्या एका ग्रॅमचे हाती येतात ३४.७ डॉलर. मग ४० डॉलर खर्च भागायला टनामागे १.१५ ग्रॅम सोनं हवं. त्याखालचा दगड टाकाऊ. याला कट-ऑफ म्हणतात. आता भाव २,४०० धरा. तोच कट-ऑफ ०.५८ ग्रॅमवर येतो. कालपर्यंत कचऱ्यात जाणारा दगड आज रिझर्व्हमध्ये जाऊन बसतो. एक नवा बोअर न मारता, एक नवा कण न सापडता साठा वाढला.

बड्या कंपन्या अर्थातच चालू भाव धरत नाहीत. २०२४ अखेरचे रिझर्व्ह मांडताना बॅरिकने १,४०० डॉलर आणि न्यूमाँटने १,७०० डॉलर धरले होते. बाजारात त्या वर्षीचा सरासरी भाव २,४०० च्या आसपास होता. हे शहाणपणाचं आहे, कारण भाव पडला तर अर्धी खाण तोट्यात निघायला नको. पण याचा अर्थ असाही होतो की कंपन्यांचे रिझर्व्ह घटले अशी बातमी वाचताना कोणता भाव धरलाय ते पाहायला हवं, आणि वाढले अशी वाचतानाही.

इथून आपण त्या नेहमीच्या वाक्याकडे येतो: जगातलं सोनं वीस वर्षांत संपणार. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण दरवर्षी जगाच्या रिझर्व्हचा आकडा देतं. अलीकडचा आहे ६४,००० टन. खाणींमधून वर्षाला निघतं सुमारे ३,६०० टन. भागाकार केला की अठरा वर्षं येतात. आता तोच हिशेब २००५ मध्ये करून पाहा. तेव्हा रिझर्व्ह होते ४२,००० टन आणि उत्पादन अडीच हजारांच्या आसपास. सतरा वर्षं. म्हणजे २०२२ च्या सुमारास खाणी कोरड्या पडायला हव्या होत्या. मधल्या काळात प्रत्यक्षात ४२,००० टनांहून जास्त सोनं काढलं गेलं आणि तरीही शिल्लक आकडा वाढलेलाच आहे. किराणा दुकानदार पंधरा दिवसांचा माल ठेवतो, म्हणून सोळाव्या दिवशी गावात दुष्काळ पडत नाही. खाण कंपनीचंही तेच. तीस वर्षांनी लागणाऱ्या दगडात आजच बोअर मारून पैसे अडकवायला कोणी तयार नसतं.

म्हणून मोठे शोध कमी झाले याचा अर्थ सोनं संपत आलं असा नाही. पण त्याचा काहीच अर्थ नाही असंही नाही. रिझर्व्हचा आकडा भरला कुठून, हे पाहायला हवं. गेल्या वीस वर्षांत तो भरला मुख्यतः भाववाढीतून आणि जुन्याच खाणींच्या आजूबाजूला, खाली-वर बोअर मारून. कंपन्यांच्या शोधखर्चात कोऱ्या जागी जाऊन शोधण्याचा वाटा १९९० च्या दशकाच्या मध्यात निम्म्याच्या आसपास होता. आता तो पाचव्या हिश्श्याच्या जवळपास आलाय. संचालक मंडळाच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. चालू खाणीशेजारी तीनशे मीटरवर शिरेचा पुढचा तुकडा मिळाला तर गिरणी, रस्ता, वीज, परवाना सगळं तयार आहे. कोऱ्या डोंगरात शंभर ठिकाणी पाहावं तेव्हा एखाद्या जागी काही हाती लागतं, आणि लागलं तरी ज्या साहेबाने पैसे मंजूर केले तो खाण सुरू व्हायच्या आधीच निवृत्त झालेला असतो. त्यापेक्षा दुसऱ्याची कंपनी विकत घेणं सोपं. त्यात खरेदीदाराचा साठा वाढतो, जगाचा वाढत नाही.

असं भरत राहिलं की शेवटी काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेने दाखवलंय. १९७० मध्ये या एका देशाने हजार टन सोनं काढलं होतं, जगाच्या निम्म्याहून कितीतरी जास्त. बहुतेक सगळं विटवॉटर्सरँडच्या त्याच पट्ट्यातून. आज तो आकडा शंभर टनांच्या आसपास आहे. यातला पहिला टप्पा मोठा चमत्कारिक आहे. सत्तरच्या दशकात भाव कित्येक पटींनी वाढला आणि तिथलं उत्पादन कमी झालं. कारण वर केलेला कट-ऑफचा हिशेब. भाव वाढताच खाणींनी हलका दगड काढायला घेतला. लिफ्ट आणि गिरणीची ताकद तेवढीच होती. दिवसाला तितकाच दगड वर यायचा, फक्त आता त्यात सोनं कमी असायचं. १९७० मध्ये टनामागे १३ ग्रॅम मिळत होतं, दहा वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आलं. खाणींचं आयुष्य वाढलं, वार्षिक उत्पादन घटलं. भाव वाढला की पुरवठा वाढतो हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य सोन्याच्या खाणीत काही वर्षं तरी उलटं चालू शकतं.

दुसरा टप्पा खोलीचा. तिथली म्पोनेंग खाण जवळपास चार किलोमीटर खाली गेली आहे. खडकाचं तापमान ६० अंशांच्या वर, म्हणून वरून बर्फाचा चोथा खाली पाठवून हवा गार करावी लागते. दगड दाबाखाली फुटून उडतात. कामगाराचा पाळीतला बराच वेळ नुसता जाण्यायेण्यात जातो. आपल्याकडे कोलार गोल्ड फिल्ड्सची हीच कथा झाली. तीन किलोमीटरहून खोल, एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोनं, सुरुवातीला टनामागे चाळीस ग्रॅमहून जास्त आणि शेवटी तीनच्या आसपास. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. खाली सोनं तेव्हाही होतं. ते काढायला सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागत होते, एवढंच.

दक्षिण आफ्रिका घसरली तरी जगाचं उत्पादन वाढलं, कारण नेवाडा, ऑस्ट्रेलिया, पेरू आणि मग चीनने ती जागा भरून काढली. २००७ मध्ये चीन पहिल्या क्रमांकावर आला. हे सगळं ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या शोधांच्या जोरावर झालं. २०१८ पासून मात्र जगाचं उत्पादन ३,६०० टनांच्या आसपासच घुटमळतंय, आणि तेही भाव दुपटीहून जास्त वाढलेला असताना. २०३५-४० मध्ये ज्या खाणी सुरू असायला हव्यात त्यांचे शोध आत्तापर्यंत लागून गेलेले असायला हवेत. ती यादी बरीच तोकडी आहे. म्हणून पुढच्या पंधरा वर्षांत उत्पादनाला जोरदार उसळी येईल असं मला वाटत नाही. हळूहळू उतार, हलकी प्रत, जास्त खोली आणि औंसामागे चढता खर्च, हेच अधिक संभवतं. टनामागे एक ग्रॅमची प्रत धरली आणि त्यातलं ९० टक्के हाती आलं, तर ११.६६ ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी आज तेरा टन दगड दळावा लागतो. प्रत निम्मी झाली की सव्वीस. वीज, डिझेल, पाणी आणि गाळाचे बांध त्याच प्रमाणात वाढतात, आणि त्याला विरोधही.

मग भाव आकाशाला भिडणार का? इथे सोनं तेलापेक्षा किंवा तांब्यापेक्षा वेगळं पडतं. काढलेलं सोनं वापरून संपत नाही. आजवर खणून काढलेलं जवळजवळ सगळं, सुमारे २ लाख १६ हजार टन, कुठल्या ना कुठल्या रूपात जमिनीवर आहे. दागिने, बिस्किटं, सरकारांच्या तिजोऱ्या. खाणी त्यात दरवर्षी भर घालतात ती १.७ टक्के. खाणींचं उत्पादन चौथाईने पडलं तरी ही भर १.३ टक्क्यांवर येईल. एवढ्याने उद्याचा भाव हलत नाही. तो व्याजदर, डॉलर, मध्यवर्ती बँकांची खरेदी आणि लोकांची भीती यांवर हलतो. ‘नवे साठे सापडत नाहीत, म्हणून आत्ताच घ्या’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हा १.७ चा आकडा जरूर विचारावा.

खाणी थंडावल्या की वजन पडतं ते जुन्या सोन्यावर. २०२४ मध्ये जगात सुमारे १,३७० टन सोनं मोडीतून परत बाजारात आलं, म्हणजे खाणींनी दिलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. भाव चढला की खाण काढायला पंधरा वर्षं लागतात, पाटल्या मोडायला एक दुपार पुरते. या कामात आपली माणसं जुनीच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई कारागीर पिढ्यानपिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात. भट्टीत मोड वितळवायची, तेजाबाने तांबं-चांदी वेगळी करायची, शुद्ध सोनं सराफाला परत द्यायचं. यांच्याकडे येणाऱ्या मालात टनामागे ग्रॅम मोजत नाहीत. बावीस कॅरेटच्या मोडीत शंभरातले जवळपास ब्याण्णव भाग सोनंच असतं.

या पुरवठ्यालाही मर्यादा आहे. मोडीतून आलेलं सोनं एका हातातून दुसऱ्या हातात जातं, जगातल्या एकूण साठ्यात त्याने ग्रॅमचीही भर पडत नाही. शिवाय ते विकणाऱ्याच्या मनावर असतं. २०२४ मध्ये भाव विक्रमी चढले, तरी भारतात लोकांनी अपेक्षेइतकं सोनं मोडलं नाही. अनेकांनी ते तारण ठेवून कर्ज घेणं पसंत केलं.